बाजूने काढलेला एक फोटो आणि लॅपटॉपवर बसण्याची पद्धत: खुर्ची विकत घेण्याआधी हे करून बघा

घरून किंवा दुकानातून व्यवसाय करणाऱ्यांचे मला जे मेसेज येतात, त्यात ऑर्डर आणि जीएसटीच्या खालोखाल एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, लॅपटॉपवर तासभर बसलं की मान आणि खांदे भरून येतात, कोणती खुर्ची घेऊ?" माझं उत्तर नेहमी एकच. आधी बाजूने काढलेला फोटो पाठवा, खुर्चीचं नंतर बघू. व्हिडिओत मी एक फोटो झटपट समजावून सांगितला होता, पण त्यातली मापं आणि क्रम पडद्यावर नीट बसले नाहीत. म्हणून इथे सावकाश लिहितोय.

समोरून काढलेला फोटो या कामाला उपयोगाचा नाही. मान पुढे गेली आहे का, पाठीला पोक आलाय का, पाय जमिनीवर टेकलेत का, हे सगळं बाजूनेच दिसतं. आणि आपलं आपल्याला ते कळत नाही. वीस मिनिटांत हळूहळू पुढे सरकलेलं डोकं आपल्याला "सरळच" वाटत असतं.

फोटो कसा काढायचा

फोटो काढतोय म्हटलं की सगळे शाळेच्या ग्रुप फोटोसारखे ताठ बसतात. असा फोटो बघून काही सुधारता येत नाही. त्यामुळे फोटो काढूच नका, मोबाईलवर व्हिडिओ चालू करा आणि कामाला लागा. रोजचं खरं काम हवं: बिलं टाका, ऑर्डरची शीट भरा. वीस-पंचवीस मिनिटांनी, तुम्ही मोबाईल विसरलेले असाल तेव्हाच्या भागाचा स्क्रीनशॉट घ्या. तोच आपला फोटो.

मोबाईल तुमच्यापासून सहा-सात फूट लांब, बरोबर काटकोनात आणि बसल्यावर तुमचं कोपर जिथे येतं साधारण तेवढ्या उंचीवर ठेवा. उभ्या माणसाने वरून काढलेल्या फोटोत मान आहे त्यापेक्षा जास्त वाकलेली दिसते. `0.5x` वर काढू नका, कडेच्या गोष्टी ताणल्या जातात. फ्रेममध्ये पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत सगळं यायला हवं, लॅपटॉपसुद्धा. मागे दाराची चौकट किंवा भिंतीचा कोपरा दिसत असेल तर उत्तम, उभी रेष सरळ आहे की नाही ते त्यावरून कळतं. मोबाईल जिथे ठेवला तिथे जमिनीवर टेपची खूण करा, कारण दुसरा फोटो तिथूनच काढायचा आहे.

अजून एक गंमत करा. घरातल्या मोठ्या टिकल्या घ्या आणि खांद्याच्या टोकावर, कोपरावर आणि कमरेखाली बाजूला जे हाड लागतं तिथे कपड्यावर चिकटवा. ओढणी, पदर, मोकळे केस बाजूला घ्या, कान दिसला पाहिजे. मानेच्या मुळाशी, डोकं खाली घातल्यावर जे हाड सगळ्यात वर येतं, तिथे कागदी टेपची छोटी गुंडाळी लावा. ही खूण कशासाठी, ते आता सांगतो.

फोटो वाचायचा कसा

बहुतेक जण फोटोत कान आणि खांदा बघतात. कान खांद्याच्या बरोबर वर असेल तर छान, पुढे असेल तर मान पुढे गेली. नियम बरोबर आहे, पण त्यात एक चकवा आहे. लॅपटॉपवर काम करताना दोन्ही हात पुढे ओढले जातात, त्यामुळे खांदेही पुढे गोल होतात. खांदाच पुढे आला की कान त्याच्या वर दिसतो आणि फोटो एकदम "ओके" वाटतो. म्हणून टेपची ती गुंडाळी. मानेच्या मुळाचं हाड खांद्यासारखं पुढे-मागे फिरत नाही. तिथून कानाच्या भोकापर्यंत रेष मारा. रेष जितकी आडवी पडेल तितकं डोकं पुढे. फिजिओथेरपिस्टही फोटोवरून मान मोजताना याच दोन खुणा धरतात.

रेषा मारायला वेगळं ॲप लागत नाही, गॅलरीतल्या एडिटमध्ये पेन असतोच. कानातून एक सरळ उभी रेष खाली सोडा. मग खांद्यापासून कोपर, कोपरापासून मनगट अशा दोन रेषा. मग कमरेच्या हाडापासून गुडघा, गुडघ्यापासून घोटा. बस, एवढंच.

आता खरी गोष्ट. फोटोत सगळ्यात आधी डोळ्यात भरते ती पुढे आलेली मान, आणि आपण लगेच मानेपासूनच सुरुवात करतो: "सरळ बस." पाच मिनिटं सरळ, मग परत तेच. मान ही बहुतेक वेळा शेवटची कडी असते, कारण खाली असतं. म्हणून फोटो वाचायचा पायापासून वर. आणि दुरुस्तीही त्याच क्रमाने, नाहीतर केलेलं काम परत करावं लागतं. एका खऱ्या फोटोवर हे करून बघू.

मसालेवाल्या ताईंचा फोटो

आमच्या बॅचमधल्या एक ताई घरगुती मसाले विकतात. दिवसभर दळण आणि पॅकिंग, रात्री नऊ ते साडेअकरा डायनिंग टेबलवर लॅपटॉप: ऑर्डरची नोंद, पत्त्यांची लेबलं, उधारीचा हिशोब. मान आणि उजवा खांदा इतका भरून यायचा की त्यांनी रात्रीची नोंद करणंच सोडलं. तीन दिवसांच्या ऑर्डर एकदम टाकायच्या, त्यात दोन पार्सल चुकीच्या पत्त्यावर गेली. दिवाळी सहा आठवड्यांवर होती आणि त्या अकरा हजारांची खुर्ची बुक करणार होत्या. मी म्हटलं, "ताई, दोन दिवस थांबा, आधी फोटो."

फोटो आला. प्लास्टिकची बिनहाताची खुर्ची, डायनिंग टेबल, त्यावर 15.6 इंची लॅपटॉप. पायापासून सुरुवात केली. टाचा वर, चवडे खुर्चीच्या पायांमागे अडकवलेले. म्हणजे पाय नीट टेकत नव्हते. त्यामुळे ताई खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसल्या होत्या, पाठ आणि खुर्चीची पाठ यांत वीतभर अंतर. टेकायला काही नाही म्हटल्यावर कंबर मागे घसरली आणि पाठीला पोक आला. पोक आला की डोकं पुढे जाणारच, नाहीतर नजर टेबलावर जाईल, स्क्रीनवर नाही. आता हात बघा. खांदे कानाकडे चढलेले, कोपर पोटापासून लांब पुढे आणि मनगट कोपरापेक्षा बरंच वर. म्हणजे कीबोर्ड उंच होता. खांदा का भरून येत होता, ते इथे दिसलं. दोन तास खांदे उचलून धरायचे म्हणजे हातात पिशवी धरून उभं राहण्यासारखंच.

मग मोजमापं मागवली. ताईंची उंची पाच फूट एक इंच. टेबल 75 सेंटीमीटर. खुर्चीची बैठक 43. बसल्यावर बैठकीपासून कोपरापर्यंत 22, डोळ्यापर्यंत 71. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खोलगट भागापर्यंत 39. ही मापं घरातल्या माणसाकडून शिवणाच्या टेपने घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आता बेरीज. कोपर जमिनीपासून 43 अधिक 22, म्हणजे 65 वर. लॅपटॉपचा कीबोर्ड टेबलापेक्षा दोन सेंटीमीटर वर, म्हणजे 77. फरक 12 सेंटीमीटर. फोटोत जे दिसत होतं ते आकड्यात आलं. आणि पाय? बैठक 43, पायाची उंची 39. म्हणजे आहे त्या खुर्चीवरही पाय चार सेंटीमीटर अधांतरी. आपल्याकडची बरीचशी टेबलं आणि खुर्च्या उंच माणसाच्या मापाची असतात, त्यात सगळ्यात जास्त भरडल्या जातात कमी उंचीच्या बायका.

पहिली दुरुस्ती: बैठक आणि पाय

टेबल खाली करता येत नव्हतं, म्हणून बैठक वर. त्याच मॉडेलची दुसरी खुर्ची पहिलीत बसवली, बैठक सहा सेंटीमीटर वर आली. त्यावर घट्ट घडी घातलेली गोधडी, बसल्यावर दबून चार. एकूण 10. मऊ उशी घेऊ नका, ती दिवसागणिक दबते आणि तुमचं माप रोज बदलतं. खुर्च्या एकात एक घालताना मॉडेल एकच हवं, आणि बसण्याआधी हाताने हलवून बघा, डुगडुगल्या तर हा उपाय सोडा. खुर्चीला हात असतील तर तेही वर येतात आणि टेबलाच्या कडेला अडतात, मग माणूस टेबलाजवळ सरकूच शकत नाही. फोटोत पोट आणि टेबलाची कड यांत मोठी फट दिसली तर आधी खुर्चीचे हात बघा.

बैठक आता 53, कोपर 75. बाहेरचा कीबोर्ड ठेवला तर तो साधारण 77 वर. दोनचा फरक चालतो.

पण पाय आता 14 सेंटीमीटर अधांतरी! इथेच लोक फसतात. खुर्ची उंच करतात, खांद्याला बरं वाटतं आणि आठवड्याने मांड्यांना मुंग्या येतात, कारण बैठकीची कड मांडीत रुतते. बैठक वर गेली की पायाखाली तेवढं काहीतरी आलंच पाहिजे. ताईंकडे सहा इंची चौरंग होता, म्हणजे 15 सेंटीमीटर. तो ठेवला, पाय टेकले आणि न सांगता ताई मागे सरकून टेकून बसल्या. "सरळ बसा" असं मी एकदाही म्हटलं नाही. टेकल्यावर गुडघ्याच्या मागे आणि बैठकीच्या कडेत दोन-तीन बोटं मावायला हवीत, ती मावत होती. कमरेमागे नॅपकिनची गुंडाळी दिली.

पाठ एकदम काटकोनात असायला हवी असं नाही. किंचित मागे रेललेली पाठ चांगलीच, फक्त ती कशाला तरी टेकलेली हवी.

दुसरी दुरुस्ती: स्क्रीन

आता एक गोष्ट बिघडली, आणि ती बिघडणारच होती. आधी डोळे 43 अधिक 71, म्हणजे 114 वर होते. लॅपटॉपच्या स्क्रीनची वरची कड 98 वर. फरक 16. बैठक दहाने वर गेल्यावर डोळे 124 वर गेले, स्क्रीन तिथेच राहिली. फरक 26! म्हणजे खांद्याचं काम झालं, पण मान आणखी वाकायची वेळ आली.

लॅपटॉपचं मूळ दुखणं हेच आहे. स्क्रीन आणि कीबोर्ड एकाच बिजागरीला जोडलेले. कीबोर्ड हाताच्या उंचीवर आणला की स्क्रीन खाली जाते, स्क्रीन डोळ्यांसमोर आणली की हात हवेत. दोन्ही एकदम जमत नाही, कितीही महागाची खुर्ची घ्या. अकरा हजार देऊनही ताईंची मान होती तिथेच राहिली असती. रोज दोन-अडीच तास लॅपटॉपवर बसणाऱ्याने वायरवाला कीबोर्ड आणि माउस घ्यावा, हे माझं ठाम मत आहे. साधा सेट हजार रुपयांच्या आसपास येतो.

कीबोर्ड आला की लॅपटॉप मोकळा झाला. ताईंनी मसाल्याच्या पाकिटांनी गच्च भरलेलं 20 सेंटीमीटर उंचीचं खोकं ठेवलं, त्यावर लॅपटॉप. रिकामं खोकं नको, ते खचतं. लॅपटॉपखालच्या हवेच्या जाळ्या झाकल्या जाणार नाहीत हे बघा, चारही पायांखाली बाटलीची झाकणं ठेवली तरी पुरतं. स्क्रीनची वरची कड 118 वर आली, डोळ्यांच्या सहा सेंटीमीटर खाली. कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी, म्हणजे नजर सहज किंचित खाली जाते. अंतर साधारण हात लांब केल्यावर बोटं स्क्रीनला लागतील एवढं.

एक अपवाद लक्षात ठेवा. ज्यांच्या चष्म्याला खाली वाचायचा नंबर आहे, बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह, त्यांना एवढी उंच स्क्रीन त्रासाची. ते काचेच्या खालच्या भागातून बघायला हनुवटी वर करतात. फोटोत हनुवटी उचललेली दिसली तर स्क्रीन खाली घ्या, हनुवटी जागेवर येईपर्यंत.

दुसरा फोटो

दोन दिवसांनी त्याच खुणेवरून पुन्हा व्हिडिओ, पुन्हा पंचविसाव्या मिनिटाचा स्क्रीनशॉट. खांदे उतरले होते, कोपर अंगाजवळ, हात जवळपास आडवा, पाठ टेकलेली. पण कान? अजून पुढेच होता. पहिल्या फोटोपेक्षा कमी, पण पुढे.

किती पुढे, हे फोटोवरून काढता येतं. टेबल 75 सेंटीमीटर हे माहीत आहे. फोटोत पट्टी लावली तर टेबल 5 सेंटीमीटर उंच दिसत होतं, म्हणजे फोटोतला 1 सेंटीमीटर खरे 15. टेपच्या गुंडाळीपासून कानापर्यंतचं आडवं अंतर पहिल्या फोटोत 1 सेंटीमीटर, म्हणजे खरे 15, आणि दुसऱ्यात 0.8, म्हणजे 12. हे आकडे काटेकोर धरू नका. टेबलाची कड कॅमेऱ्याला जवळ असते, मान थोडी लांब, त्यामुळे माप चुकतं. पण दोन्ही फोटो एकाच जागेवरून असतील तर चूक दोन्हीकडे सारखीच, म्हणून कमी झालं की वाढलं हे नक्की कळतं.

मग पुढे का? उंची तर सगळी जुळली होती. व्हिडिओ पुढे-मागे करून बघितला तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. शीटमधली अक्षरं इतकी बारीक की ताई वाचायला पुढे झुकत होत्या. `Ctrl` दाबून `+` दोनदा दाबलं, झुकणं बंद. आणि दुसरी गोष्ट, जी आपल्या लोकांत मला सगळ्यात जास्त दिसते: ऑर्डर व्हॉट्सॲपवर येतात, मोबाईल टेबलावर आडवा आणि प्रत्येक ओळीला एकदा मान खाली. स्क्रीन कितीही उंच करा, अर्धा वेळ नजर टेबलावरच. लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब उघडून शीट शेजारी ठेवली, काम संपलं. ज्यांना मोबाईलच हवा, त्यांनी तो स्टँडवर स्क्रीनच्या बाजूला उभा ठेवावा. वहीतून बघून टाकत असाल तर वहीलाही हेच लागू.

हे स्थिर फोटोत दिसलं नसतं. एक फोटो म्हणजे एक क्षण, म्हणून व्हिडिओ. आणि बाजूच्या फोटोत मान एका बाजूला वळलेली कळत नाही. लॅपटॉप मधोमध आहे की कडेला, ते वेगळं बघून घ्या.

दुकानातल्या काउंटरवर हीच पद्धत, फक्त आकडे बदलतात. काउंटर उभ्याने व्यवहार करायला बनवलेला असतो, त्यावर साध्या खुर्चीत बसून बिलिंग केलं की हात पार छातीपर्यंत जातात. तिथे उंच स्टूल आणि त्याला पाय ठेवायची दांडी हवी. नाहीतर बिलिंगसाठी काउंटरच्या आतल्या बाजूला खालची फळी ठोकून घ्या, सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

इंटरनेटवर एक चित्र फिरतं, मान 60 अंश वाकवली की मणक्यावर 27 किलोचा भार. तो 2014 साली मांडलेला गणिती मॉडेलचा अंदाज आहे, कुणाच्या मानेवर मोजलेला आकडा नाही. मान वाकली की स्नायूंना जास्त ताकद लावावी लागते हे खरं, पण बसण्याची पद्धत आणि दुखणं यांचं नातं इतकं सरळ नाही. पोक काढून बसणारे कित्येक जण बिनदुखण्याचे असतात. अगदी जुळवून बसलेला माणूसही दोन तास हलला नाही तर अवघडतोच. ताईंनी लेबल प्रिंटर मुद्दाम स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला, दर पंधरा-वीस ऑर्डरनंतर उठावंच लागतं. आणि दुखणं मानेतून हातात उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, हातातून वस्तू निसटत असेल किंवा रात्री झोपमोड होत असेल, तर फोटो-बिटो बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. हा उपाय टेबल-खुर्चीचा आहे, आजाराचा नाही.

ताईंचा एकूण खर्च: कीबोर्ड-माउसचे साडेनऊशे रुपये. पंधरा दिवसांत खांदा मोकळा झाला, मान अधूनमधून बोलते पण रात्रीची नोंद रोजच्या रोज होते. तिसरा फोटो त्यांनी दिवाळीच्या आठवड्यात पाठवला, "परत दुखतंय" म्हणून. उघडून बघितलं तर टाचा पुन्हा अधांतरी आणि ताई पुन्हा कडेवर. चौरंग लक्ष्मीपूजनाला गेला होता. आता तिथे सुतळीने बांधलेला रद्दीचा गठ्ठा आहे, पंधरा सेंटीमीटर मोजून.